वेळापत्रक मी केलं होतं

राग आला की माझा आवाज चढत नाही, उतरतो. घरच्यांना हे ठाऊक आहे. मी हळू बोलायला लागले की ते काहीतरी काम काढून दुसऱ्या खोलीत जातात. ऑफिसात मात्र हे कुणाला माहीत नव्हतं. तिथे मी शांत स्वभावाची बाई म्हणून प्रसिद्ध होते, आणि त्या प्रसिद्धीत माझा काहीही वाटा नव्हता.

मी पिंपळगाव बसवंतजवळच्या एका द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये क्वालिटी बघते. बागेतून क्रेटमध्ये माल येतो, हॉलमध्ये बायका घडातले खराब मणी कात्रीने काढतात, माल तोलून पेट्यांत भरला जातो, मग पेट्या गार व्हायला प्री-कूलिंगच्या खोलीत जातात आणि तिथून पुढे परदेशी. त्या गडबडीत हातात थर्मामीटर घेऊन लोकांच्या वाटेत उभी असलेली बाई म्हणजे मी.

परदेशातलं गिऱ्हाईक मणी नंतर बघतं, आधी घडाची काडी बघतं. काडी हिरवी तर माल ताजा. काडी तपकिरी पडली की मणी कितीही रसरशीत असू दे, माल शिळा. त्या हंगामाच्या सुरुवातीला आमच्या काड्यांबद्दल तक्रारी यायला लागल्या. साहेबांनी म्हणजे आमच्या मालकांनी सगळ्यांना विचारलं, असं का होतंय? सगळ्यांनी हवामानाचं नाव घेतलं. हवामान कधी उलट बोलत नाही, त्यामुळे आमच्याकडे बऱ्याच गोष्टी त्याच्यावर ढकलल्या जातात.

मी गेटवर उभी राहून बघितलं. सगळे शेतकरी पहाटे तोडणी सुरू करायचे, सगळ्यांची तोडणी एकदमच उरकायची आणि सगळे टेम्पो एकदमच गेटवर यायचे. प्री-कूलिंगची खोली आहे तेवढीच. बाकीचा माल बाहेर रांगेत उन्हात, आणि काडी तिथेच वाळायची. यात शोध लावण्यासारखं काही नव्हतं. फक्त गेटवर उभं राहायचं होतं, आणि ऊन लागतं म्हणून तिथे कुणी उभं राहत नव्हतं.

मग मी एक वेळापत्रक करायला घेतलं. कुठल्या गावची तोडणी कधी सुरू व्हावी, कुठला टेम्पो कधी निघावा, म्हणजे खोली रिकामी होईल तसा माल येत राहील. ऐकायला सोपं वाटतं. पण तोडणी शेतकरी करत नाही, टोळी करते, आणि एकच टोळी दोन-तीन गावं सांभाळते. सुट्टीच्या दिवशी मी चांदवडकडच्या बागायतदारांकडे जाऊन आले, सायखेड्याकडे जाऊन आले. संध्याकाळी टोळीच्या मुकादमांना फोन करायचे. जेवायला बसले की फोन यायचा, आणि आई म्हणायची, "तुझं लगीन ह्या द्राक्षांशीच लावून द्यायला पायजे होतं."

शेवटी तक्ता तयार झाला. उभी गावं, आडवे वार. त्यात एकच चौकोन रिकामा होता, सायखेड्याकडच्या एका गावाचा बुधवार. त्या गावाची पाळी दुपारची, आणि बुधवारी तिथे तोडणी करणाऱ्या टोळीतल्या बायकांच्या गावचा आठवडे बाजार असतो. त्या दिवशी दुपारनंतर एकही बाई बागेत थांबत नाही, तुम्ही तिला सोन्याची कात्री दिलीत तरी. हे इतकं उघड होतं की मी त्या चौकोनात काही लिहिलं नाही.

गाड्यांचा हिशेब बरोबर बसतोय का हे बघण्यासाठी मी तो तक्ता आमच्या भाऊंना पाठवला. भाऊ आमच्याकडे वाहतूक बघतात. माझ्याहून वयाने थोडे मोठे, निफाडकडचे, बोलायला गोड. ते मला ताई म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणते, आणि या नात्यावर दोघांनी कधी फारसा विचार केलेला नाही. त्यांनी तक्ता बघून उत्तर पाठवलं, "एकच नंबर ताई." मला बरं वाटलं.

पुढच्या सोमवारी साहेबांची बैठक होती. मी नव्हते, कारण त्याच वेळी तपासणीला माणसं आली होती आणि मी त्यांच्यामागे थर्मामीटर घेऊन फिरत होते. दुपारी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकला आणि खाली टाळ्यांची रांग लागली. ग्रुपवर टाळ्या दिसल्या की आपणही टाळ्या द्यायच्या अशी आमच्याकडे पद्धत आहे. मी हात धुतले, टाळ्या टाकल्या आणि मग फोटो उघडला.

फोटोत पडद्यावर माझा तक्ता होता. शेजारी भाऊ उभे होते, हातात रिमोट. तक्त्याच्या वर मोठ्या अक्षरांत 'तोडणी व वाहतूक नियोजन' आणि त्याखाली भाऊंचं नाव. तेवढ्यात माझ्या टाळ्यांखाली भाऊंचे जोडलेले हात आले, "धन्यवाद ताई."

बैठकीत काय झालं ते मला हिशेबनिसाने सांगितलं. त्याला सगळं सगळ्यांना सांगायची सवय आहे, आणि त्या दिवशी ती कामाला आली. भाऊ म्हणाले होते, "मी गावोगाव फिरलो, टोळ्यांशी बोललो, तेव्हा कुठं हे जमलं." साहेब खूश झाले होते आणि तक्ता लगेच लागू करायला सांगितला होता. चांदवड रस्त्याला कंपनीची नवीन पॅकिंगची शेड सुरू होणार होती. ज्याने हे डोकं लावलं त्यानेच ती सांभाळावी, असं साहेब म्हणाले. पुढच्या सोमवारी पक्कं होणार होतं.

ती शेड मला हवी होती. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण हवी होती. इतकी वर्षं मी दुसऱ्यांनी केलेलं काम तपासत होते. एकदा तरी काम माझं असावं आणि तपासायला दुसऱ्या कुणी यावं, असं मनात होतं. ते हातात येण्याआधीच गेलं, आणि वर मी त्याला टाळ्या दिल्या होत्या.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई अजून आडगावकडच्या आमच्या तुकड्यात मेथी-शेपू करते आणि भल्या पहाटे बाजारात जुड्या घेऊन बसते. त्यामुळे भांडण कसं करावं याचं तिला रोजचं प्रशिक्षण आहे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आयत्या बिळावर नागोबा. सगळ्यांसमोर धर त्याला. पाणउतारा कर लय मोठ्यानं."

मी म्हटलं, "असं नाही करायचं."

"मग कसं करायचं?"

मला तेव्हा माहीत नव्हतं. पण एवढं कळत होतं की मोठ्याने बोलले तर दुसऱ्या दिवशी चर्चा माझ्या आवाजाची होईल, तक्त्याची नाही. बाई चिडली, एवढंच लोकांच्या लक्षात राहील. शिवाय गुपचूप साहेबांकडे गेले असते तर भाऊ आयुष्यभर म्हणाले असते, ताईंनी एक शब्द विचारला असता तर. तो शब्द आधी विचारून टाकावा, असं मी ठरवलं.

सकाळी स्कूटीवरून हायवेने जाताना मी वाक्य तयार करत होते. पहिल्या मसुद्यात 'लबाड', 'उंदीर' आणि 'तुमच्या लेकरांना काय तोंड दाखवाल' एवढं होतं. एक मालट्रक अंगावरून जाईल की काय असा शेजारून गेला, तेव्हा 'लेकरं' गळाली. ओझरच्या पुढे 'उंदीर' काढला, कारण उंदीर आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. 'लबाड' काढायला सर्वांत जड गेलं. ते खरं होतं असं मला वाटत होतं. पण ते मला वाटत होतं, ते घडलेलं नव्हतं. पॅकहाउसच्या गेटशी पोचले तेव्हा घडलेलं तेवढं उरलं होतं, आणि ते इतकं लहान होतं की मला त्याचीच लाज वाटली. एवढ्याशासाठी मी रात्रभर जागी होते.

दुपारी जेवणं झाल्यावर भाऊंच्या केबिनमध्ये गेले. केबिनला हॉलच्या बाजूने काच आहे. आतलं बाहेर ऐकू जात नाही, पण दिसतं सगळं. बाहेर बायका कात्र्या चालवत होत्या आणि आमच्याकडे बघत होत्या. आम्हा दोघांच्याही डोक्यावर हॉलमधली जाळीची टोपी होती. ती घालून कुणाचीच रुबाबदार भांडणं होत नाहीत.

मी म्हटलं, "भाऊ, सोमवारच्या बैठकीत तुम्ही दाखवलेलं वेळापत्रक मी केलेलं आहे. ते मी तुम्हाला गाड्या तपासायला पाठवलं होतं. त्यावर तुमचं नाव होतं, माझं नव्हतं. साहेबांचा समज झालाय की ते तुम्ही केलं. पुढच्या बैठकीत तुम्ही हे दुरुस्त करावं."

भाऊ हसले. "अहो ताई, आपल्यात काय तुझं-माझं? टीम हाय आपली."

"टीम आहे. वेळापत्रक मी केलेलं आहे."

"मी कुठं म्हटलं मी केलं?"

"तुम्ही म्हणालात, मी गावोगाव फिरलो, टोळ्यांशी बोललो. तुम्ही फिरला होतात का?"

भाऊ टेबलावरची बिलं सरळ करायला लागले. ती आधीच सरळ होती. मग म्हणाले, "बोलण्याच्या ओघात निघून गेलं, ताई. साहेबांनी विचारलं, कुणी केलं? सगळे माझ्याकडं बघत होते. तुम्ही नव्हता तिथं."

"मी नव्हते. तेव्हा माझं नाव सांगायला पाहिजे होतं."

"तुम्ही लय मनाला लावून घेतलं."

हे वाक्य माझ्या अंदाजात होतं. त्यावर काय बोलायचं हेही ठरलेलं होतं, ते म्हणजे काहीच नाही. मी पुन्हा म्हटलं, "पुढच्या बैठकीत तुम्ही दुरुस्त करावं, एवढंच." माझा आवाज चांगलाच खाली गेला होता. काचेबाहेरच्या बायकांना वाटलं असेल, मॅडम कुठल्या तरी देवाचा प्रसाद देतायत.

भाऊंनी मग दुसरी बाजू लावून धरली. ते म्हणाले, "आणि ताई, मी नुसतं दाखवलं नाय. त्यात सुधारणा पण केली. साहेबांनी विचारलं, हा चौकोन रिकामा का? मी म्हटलं, राहून गेला, भरतो. उद्याच्या दोन गाड्या लावल्या तिथं."

उद्या बुधवार होता.

मी इथे खरं सांगते. त्या क्षणी मला फार आनंद झाला. डोळ्यांसमोर आलं की दुपारी टोळी कात्र्या टाकून बाजाराला निघालीय, अर्धे क्रेट भरलेत, दोन गाड्या बांधावर उभ्या आहेत आणि साहेब भाऊंना फोन करतायत. मला फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसणं मला उत्तम जमतं, मी त्यासाठीच तर प्रसिद्ध होते. आईला कळलं असतं तर तिने नारळ फोडला असता.

पण तोडलेला माल कुणाच्या तरी बांधावर पडून राहिला असता, आणि त्या माणसाने माझ्या शब्दावर आपली तोडणीची वेळ बदलली होती. त्याच्या घरी मी पोहे खाल्ले होते.

"त्या गाड्या काढा," मी म्हटलं. "बुधवारी त्या टोळीच्या गावचा बाजार असतो. दुपारनंतर बायका थांबत नाहीत. चौकोन राहून गेलेला नाही, ठेवलेला आहे."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग फोन उचलून ड्रायव्हरला दोन्ही गाड्या रद्द केल्याचं सांगितलं. फोन ठेवला. त्यांचं तोंड उतरलं होतं. "वाचवलं तुम्ही मला," ते म्हणाले. "आता फिटंफाट समजायची का?"

"नाही. हे गाड्यांचं झालं. मी म्हटलं ते तसंच आहे."

भाऊंनी बिलं उचलून ड्रॉवरमध्ये ठेवली. मग म्हणाले, "नवी शेड जाईल माझी."

"ते मला माहीत नाही," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं, पण फार खरंही नव्हतं. "तुम्ही सांगितलं नाही तर बैठकीत मी सांगेन. याच शब्दांत. तुम्हाला आधी कळावं म्हणून आले."

पुढचे दिवस भाऊ मला टाळत होते. मी जेवायला आले की त्यांना गाडी बघायची असायची. मला वाटलं, हे काही बोलणार नाहीत. मी माझं वाक्य इतक्या वेळा मनात म्हटलं की भाजी निवडतानाही तेच यायचं. आई म्हणाली, "एवढं घोकून तर पोरं दहावी पास व्हत्यात."

सोमवारी बैठकीला मी होते. साहेबांनी चहा सांगितला, कागद उघडले आणि म्हणाले, "नवीन शेडचं आज पक्कं करू." भाऊ उभे राहिले. आमच्या बैठकीत कुणी उभं राहत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटलं त्यांना बाहेर जायचंय. एकाने खुर्ची सरकवून वाटही दिली.

भाऊ म्हणाले, "साहेब, एक दुरुस्ती हाय. मागच्या बैठकीतलं वेळापत्रक ताईंनी केलेलं. मी म्हटलं मी फिरलो. मी फिरलो नव्हतो. ताई फिरल्या." आणि ते बसले. कपाळ घामाने डबडबलं होतं. मला वाटलं होतं मला जिंकल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात मला त्यांच्या ग्लासात पाणी ओतावंसं वाटलं, आणि मी ते ओतलं.

साहेबांनी मान हलवली. "बरं. ते कळलं. पुढचं घेऊ." आणि खरंच पुढचं घेतलं, पेट्यांच्या पुठ्ठ्याचं. मी आठवडाभर घोकलेल्या गोष्टीला चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही.

बैठक संपल्यावर मी थांबले. भाऊही दाराशी रेंगाळत होते. साहेब मला म्हणाले, "तुम्ही का थांबलात? मला माहीतच होतं ते. चांदवडचा आमचा साडू नाही का, त्याच्याकडे तुम्ही गेला होतात. त्याने त्याच दिवशी फोन केला, तुमच्या मॅडम लई चौकशा करतायत म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"मागच्या बैठकीतही माहीत होतं?" मी विचारलं.

"होतं ना. पण तुम्ही काही बोलला नाहीत. म्हटलं, तुमचं आपसात ठरलं असेल. आणि नवीन शेड म्हणजे गाडीवाले, रात्रीबेरात्री फोन. तुम्हाला कुठे झेपायचं ते."

यासाठी माझ्याकडे तयार वाक्य नव्हतं. पण हात बसला होता. मी म्हटलं, "वेळापत्रक मी केलं हे तुम्हाला माहीत होतं. भाऊ ते स्वतःचं म्हणून सांगत होते, तेव्हा तुम्ही काही म्हणाला नाहीत. शेड त्यांना देऊ केलीत. मला विचारलं नाही."

साहेबांनी ते शब्द उलटेपालटे करून बघितले असावेत. आक्षेप घेण्यासारखं त्यात काही सापडेना. शेवटी म्हणाले, "मॅडम, तुम्ही रागावलात का?"

"हो," मी म्हटलं. "खूप. पण मी सांगितलं त्यात राग नाहीये. ते तसंच झालंय."

साहेब खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर टेम्पो एकामागून एक येत होते, वेळेवर. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "शेड घेणार?"

"घेणार."

"बरं," ते म्हणाले. संध्याकाळी ग्रुपवर तसं लिहून आलं, आणि टाळ्यांची रांग लागली. काही लोकांनी बहुधा न वाचताच टाळ्या दिल्या असतील. मला चालत होतं. मला इतका आनंद झाला होता की मी प्री-कूलिंगच्या खोलीत जाऊन, जाड जाकीट घालून, पेट्यांचं तापमान बघायचं सोंग करत रडून घेतलं.

बाहेर आले तर भाऊ जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी जवळ गेले तरी उठले नाहीत.

"म्हणजे त्यांना ठाऊक होतं," भाऊ म्हणाले. "पाठ थोपटत होते माझी, तेव्हा पण ठाऊक होतं."

"हो."

"आज मी सगळ्यांसमोर उभा राहिलो, तेव्हा पण."

"हो."

त्यांनी चपलेने पायरीवरची धूळ बाजूला सारली. मग म्हणाले, "मी पण बोलू का त्यांना?"

"बोला. काय बोलणार?"

भाऊंनी घसा साफ केला. "साहेब, तुम्ही लय आतल्या गाठीचे—"

"ते काढा."

"तुम्ही माझा तमाशा बघत—"

"तेही काढा, भाऊ."

"मग उरतं काय, ताई?"

"जे झालं ते."

भाऊ समोरच्या वजनकाट्याकडे बघत बसले. त्यावर एक टेम्पो चढत होता, पाठीमागे दुसरा थांबला होता. मग ते बोलले, आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच इतका हळू ऐकला. "साहेब, तुम्हाला खरं माहीत होतं," ते म्हणाले, "आणि तुम्ही मला खोटं बोलू दिलं."

हे वाक्य त्यांचं स्वतःचं होतं. मी त्यात काहीही बदल सुचवला नाही.